टॅग कुठे लावायचा, पान कुठे उघडायचं: सीमाभागातल्या नोंदी नोशनमध्ये लावताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आपल्या भागाबद्दल हौसेनं लिहून ठेवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. कुणी देवळांतले शिलालेख टिपतं, कुणी किल्ले हिंडतं, कुणी आज्जीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतं, कुणी वर्तमानपत्राची कात्रणं जपतं. नोंद केलेली असते, पण नेमकी लागते त्या दिवशी ती हाताला लागत नाही. अर्धी वहीत असते, अर्धी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेली, आणि उरलेली फोनच्या गॅलरीत फोटो होऊन पडलेली.

हे सगळं नोशन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये आणायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी भरमसाट टॅग करून बसतात. हलशी, कदंब, मंदिर, शिलालेख, खानापूर, जैन, किल्ला, मलप्रभा. दोन महिन्यांत त्या टॅगांचं जंगल होतं आणि परत शोधाशोध सुरू. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, एवढंच इथं सांगायचं आहे. त्यासाठी एक प्रश्न नीट सोडवावा लागतो: कोणत्या गोष्टीला टॅग लावायचा आणि कोणत्या गोष्टीला स्वतःचं पान द्यायचं.

हलशीची एक नोंद

उदाहरण म्हणून खानापूर तालुक्यातलं हलशी घेऊ. तिथून परत येताना एसटीत बसून लिहिलेली नोंद साधारण अशी असते:

"हलशी. भूवराह नृसिंहाचं देऊळ, कदंबांच्या वेळचं. गावाचं जुनं नाव पलाशिका. इथं कदंबांचे ताम्रपट सापडलेत, त्यात जैनांना दिलेली दानं आहेत. देवळाजवळच्या एका आजोबांनी जत्रेची गोष्ट सांगितली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, रट्टांची. ताडून बघायचं."

सहा-सात ओळींत किती गोष्टी आल्या बघा. एक गाव, एक देऊळ, एक घराणं, दुसऱ्या गावातली दुसरी वास्तू, दुसरं घराणं. काही वाचलेलं, काही डोळ्यांनी पाहिलेलं, काही ऐकलेलं आणि एक काम पुढं ठेवलेलं. ही नोंद एकाच पानावर डकवून तिला 'कदंब' असा टॅग लावला, तर वरवर काम झालं असं वाटतं.

पण त्या टॅगच्या आत काही लिहिता येत नाही. नोशनमध्ये टॅग म्हणजे एक शब्द आणि एक रंग, बस्स. आणि 'कदंब' या शब्दाखाली इथं दोन वेगळी घराणी गोळा झाली आहेत. ताम्रपट आहेत ते बनवासीच्या कदंबांचे, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे. देऊळ आहे ते गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. हलशी दोघांनाही महत्त्वाची होती, पण मधे कैक शतकं गेली. टॅग हा फरक गिळून टाकतो. सहा महिन्यांनी 'कदंब' वर टिचकी मारली की सगळं एकत्र पुढं येतं, आणि कुठलं वाक्य कोणत्या कदंबांचं हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

त्याऐवजी 'बनवासीचे कदंब' आणि 'गोव्याचे कदंब' अशी दोन पानं उघडली, तर प्रत्येकाच्या आत काळ, राजधानी, कुठं काय वाचलं हे लिहायला जागा मिळते, आणि हलशीचं पान दोघांनाही जोडता येतं.

म्हणून कसोटी अशी लावावी: या गोष्टीबद्दल उद्या आणखी दोन ओळी लिहायच्या असतील का? असतील, तर ती गोष्ट पान. नसतील, ती नुसती नोंदीची जात सांगत असेल, तर टॅग. 'हलशी', 'कमल बस्ती', 'मलप्रभा', 'रट्ट' ही पानं. 'ऐकलेलं', 'वाचलेलं', 'कच्चं' हे टॅग. 'ऐकलेलं' या शब्दाबद्दल कुणी वेगळं प्रकरण लिहिणार नाही, पण ऐकलेल्या सगळ्या नोंदी एकदम बघायची गरज मात्र नक्की पडते.

दोन डेटाबेस, जास्त नको

या कसोटीवरून नोशनमधली मांडणी आपोआप ठरते. दोन डेटाबेस पुरतात. एकाचं नाव 'विषय', दुसऱ्याचं 'टिपणं'. 'विषय' मध्ये गावं, वास्तू, घराणी, नद्या-डोंगर, माणसं. 'टिपणं' मध्ये त्या त्या दिवशी काय वाचलं, ऐकलं, पाहिलं ते. गावांचा वेगळा डेटाबेस, किल्ल्यांचा वेगळा, माणसांचा वेगळा असं करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. राजहंसगड किल्ल्यात टाकायचा की येळ्ळूर गावाबरोबर ठेवायचा, यावर वेळ घालवण्यापेक्षा एकाच डेटाबेसमध्ये ठेवून त्याचा प्रकार सांगितलेला बरा.

डेटाबेस करताना पहिलीच एक अडखळण येते. नव्या पानावर `/table` लिहिलं की यादीत साधं `Table` ही दिसतं आणि `Table view` ही. साधं `Table` म्हणजे नुसती चौकटींची जाळी, तिच्या ओळी उघडत नाहीत. आपल्याला हवा तो डेटाबेस, म्हणजे `Table view`. ओळखायची खूण सोपी: ओळीच्या नावावर माउस नेला की `OPEN` असं दिसलं पाहिजे. दिसलं, तर ती ओळ म्हणजे एक पूर्ण पान आहे आणि आत हवं तेवढं लिहिता येतं.

'विषय' मध्ये नावाशिवाय तीनच रकाने ठेवावेत. 'प्रकार' हा `Select`, म्हणजे टॅगांचा रकाना, त्यात गाव, वास्तू, घराणं, निसर्ग, व्यक्ती. 'तालुका' हाही `Select`. आणि 'इतर नावं' हा साधा `Text`. 'टिपणं' मध्ये 'मार्ग' हा `Select`, त्यात वाचलं, ऐकलं, पाहिलं. 'स्थिती' हाही `Select`, त्यात कच्चं आणि ताडलेलं एवढं दोनच. 'स्रोत' हा `Text`, 'तारीख' हा `Date`. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: 'विषय', आणि त्याचा प्रकार `Relation`.

`Relation` म्हणजे एका डेटाबेसच्या ओळीतून दुसऱ्या डेटाबेसच्या ओळीकडं जाणारा पक्का धागा. तो करताना 'विषय' डेटाबेस निवडायचा आणि `Two-way relation` हा खटका चालू करायचा. मग टिपणात हलशी निवडली की हलशीच्या पानावर ते टिपण आपोआप दिसू लागतं. दोन्हीकडं वेगवेगळं भरावं लागत नाही. एका टिपणाला तीन विषय जोडले, तर तिन्ही पानांवर ते दिसतं, आणि मूळ टिपण मात्र एकच राहतं. वहीत हे करायचं म्हटलं, तर तेच वाक्य तीन ठिकाणी उतरवावं लागतं आणि एका ठिकाणची दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी करायची राहून जाते.

आता हलशीची ती नोंद फोडू. 'विषय' मध्ये सहा पानं: हलशी, भूवराह नृसिंह मंदिर, बनवासीचे कदंब, गोव्याचे कदंब, कमल बस्ती, रट्ट. 'टिपणं' मध्ये चार. पहिलं, ताम्रपटांबद्दल वाचलेलं. त्याला हलशी आणि बनवासीचे कदंब जोडायचे, मार्ग 'वाचलं'. दुसरं, देवळाचं पाहिलेलं वर्णन. त्याला मंदिर, हलशी आणि गोव्याचे कदंब. तिसरं, आजोबांची जत्रेची गोष्ट. त्याला फक्त हलशी, मार्ग 'ऐकलं', स्थिती 'कच्चं'. चौथं, कमल बस्ती आणि रट्ट, म्हणजे तो १२०४ चा उल्लेख, ताडून बघायच्या शेऱ्यासह.

सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं. पण हलशीचं पान उघडल्यावर खाली तीन टिपणं रांगेनं दिसतात आणि एकावर 'ऐकलं' असं लिहिलेलं असतं, तेव्हा कागदावरच्या पुराव्यात आणि आजोबांच्या सांगण्यात गल्लत होत नाही. आपल्या भागात जिथं गावाच्या इतिहासावरून चटकन वाद पेटतात, तिथं 'हे कुठून आलं' याचं उत्तर तयार असणं फार मोलाचं आहे.

मजकुरातल्या लिंका आणि आपली विभक्ती

`Relation` शिवाय लिंक करायचा दुसरा मार्ग म्हणजे मजकूर लिहिता लिहिता `@` टाकून पानाचं नाव टाइप करणं. `[[` टाकूनही तेच होतं. अशी लिंक केली की त्या पानाच्या माथ्यावर नोशन स्वतःहून `backlinks` दाखवतं, म्हणजे या पानाचा उल्लेख आणखी कुठं कुठं आला आहे ते. पानाचं नाव पुढं बदललं, तरी सगळ्या लिंकांमधलं नाव आपसूक बदलतं.

मग `Relation` कशाला आणि `@` कशाला? टिपण ज्याच्याबद्दल आहे, ते `Relation` मध्ये. बोलता बोलता ज्याचा नुसता उल्लेख आला, ते `@` नं. मलप्रभेच्या उगमाबद्दल टिपण असेल, तर `Relation` मध्ये मलप्रभा आणि कणकुंबी. त्याच टिपणात 'पलीकडं भीमगडाचं रान' असा उल्लेख आला, तर भीमगडाला `@`. फरक कामाचा आहे, कारण फिल्टर `Relation` वर लागतो. भीमगडाच्या यादीत मलप्रभेचं टिपण घुसवायचं नसतं, पण भीमगडाचा विषय निघाला की तो उल्लेख सापडायला मात्र हवा.

इथं मराठी लिहिणाऱ्याला एक खास अडचण येते. `@` नं आणलेलं नाव पानाच्या शीर्षकासारखंच उमटतं, आणि आपलं नाव तर विभक्ती लागली की बदलतं. 'खानापूर' चं 'खानापुरात' होतं, पू चा पु होतो. ती लिंक वाक्याच्या मधे बसवायला गेलं की 'खानापूरात' असं चुकीचं तरी लिहावं लागतं किंवा 'खानापूर मध्ये' असं तोडून. त्यापेक्षा लिंक ओळीच्या सुरुवातीला, मूळ रूपात ठेवावी: आधी `@खानापूर`, मग विसर्गासारखे दोन ठिपके, मग वाक्य. वाचायला सरळ आणि शुद्धलेखनही शाबूत.

फिल्टर लावतानाही हाच नियम उपयोगी पडतो. `Contains` या अटीत 'खानापूर' लिहिलं, तर 'खानापुरात' असलेली ओळ तिच्यात बसत नाही, कारण अक्षरंच वेगळी आहेत. आकड्यांचंही तसंच. '१२०४' आणि '1204' या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत. आपण कोणते आकडे वापरतो ते पहिल्या दिवशी ठरवावं आणि पुढं तेच ठेवावं.

एका गावाची चार नावं

आपल्या भागातली खरी डोकेदुखी नावांची आहे. बेळगाव बोलण्यात बेळगावच, सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी, इंग्रजी जुन्या कागदांत Belgaum, नव्यात Belagavi, आणि जुन्या लेखांत वेणुग्राम. निपाणीचं निप्पाणी, चिकोडीचं चिक्कोडी. हलशी कुठं हलसी म्हणून येते, तर जुन्या लेखांत पलाशिका म्हणून. येळ्ळूरचं कुणी यळ्ळूर लिहितं. कात्रण मराठी वर्तमानपत्रातलं, उतारा कन्नडमधला, गॅझेटिअर इंग्रजी, सगळं एकाच ठिकाणाबद्दल.

नोशनमध्ये एका पानाला दुसरं नाव जोडायची सोय नाही. `@` टाकल्यावर जी यादी येते, ती शीर्षकावरून येते. म्हणून शीर्षक 'बेळगाव' असेल आणि घाईत 'बेळगावी' टाइप केलं, तर तुमचं पान नजरेस पडेलच असं नाही, आणि खाली नवं पान उघडायचा पर्याय मात्र तयार असतो. तो दाबला की एकाच गावाची दोन पानं. हे झालंय हे कसं कळतं? पानावर जेवढी टिपणं असायला हवीत त्यापेक्षा कमी दिसतात, आणि `backlinks` अर्धे इकडं, अर्धे तिकडं. दोन पानं एक करायचं बटण नोशनमध्ये नाही. एका पानावरची टिपणं दुसऱ्याला जोडायची, मजकुरातल्या लिंका हातानं बदलायच्या आणि मग रिकामं झालेलं पान काढून टाकायचं. काढलेलं पान तीस दिवस `Trash` मध्ये राहतं, म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

उपाय दोन पायऱ्यांचा. शीर्षकात एकच नाव, तुमच्या तोंडात जे असेल ते. बाकी सगळी नावं, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींतली, 'इतर नावं' या रकान्यात. म्हणजे 'विषय' च्या यादीवर `इतर नावं` `Contains` `Halasi` असा फिल्टर लावला की हलशी हाती लागते. तीच नावं पानाच्या पहिल्या ओळीतही एकदा लिहून ठेवावीत, म्हणजे वरच्या साध्या सर्चमध्येही ती सापडतात. कन्नड वाचता येत असेल, तर कन्नड लिपीतलं नावही जरूर घालावं. उताऱ्यावर किंवा पाटीवर ते जसं दिसतं तसंच.

टॅगांमध्येही हा गोंधळ होतो, पण तिथं निस्तरणं सोपं आहे. 'देऊळ', 'देवळं', 'मंदिर' असे तीन टॅग झाले, तर यादीला त्यातल्या एका टॅगचा फिल्टर लावायचा, दिसणाऱ्या सगळ्या ओळी एकदम निवडायच्या, त्यांना ठेवायचा तो टॅग द्यायचा आणि रिकामा झालेला टॅग यादीतून काढायचा. मात्र एक करण्याआधी थांबून बघावं. किल्ल्यात कमल बस्ती बघायला गेल्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी हटकलं होतं, "देऊळ नव्हे हो, बस्ती म्हणायचं त्याला." ते बरोबर होतं. बस्ती म्हणजे जैन मंदिर, आणि ती खूण पुसून सगळ्यांना 'मंदिर' केलं, तर माहिती कमी होते. म्हणून प्रकारात नुसतं 'वास्तू' ठेवावं आणि बस्ती की देऊळ ते पानाच्या आत सांगावं.

टेम्प्लेट: इथं खरी बचत आहे

टेम्प्लेट म्हणजे नव्या पानाचा आधीच भरलेला साचा. डेटाबेसच्या निळ्या `New` बटणाशेजारच्या बाणावर टिचकी मारली की `New template` मिळतं.

'टिपणं' साठी तीन साचे करावेत: वाचलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं. प्रत्येकात 'मार्ग' आधीच भरून ठेवायचा आणि 'स्थिती' ला 'कच्चं'. 'वाचलेलं' च्या आत कुठलं पुस्तक किंवा कागद, कोणतं पान, आणि मूळ वाक्य जसंच्या तसं. 'ऐकलेलं' च्या आत सांगणाऱ्याचं गाव, साधारण वय, त्यांनी स्वतः पाहिलं की थोरांकडून ऐकलं, आणि शक्य तर त्यांच्याच शब्दांत. 'पाहिलेलं' च्या आत दिवस, कुठं उभं राहून पाहिलं, आणि फोटो. साचा मोठा करू नये. तीन ओळींचा साचा रोज भरला जातो, बारा ओळींचा साचा तिसऱ्या दिवशी सोडून दिला जातो.

'विषय' च्या साच्यात मात्र एक युक्ती आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. साच्याच्या आत `/linked` लिहून `Linked view` नं सुरू होणारा पर्याय घ्यायचा आणि 'टिपणं' डेटाबेस निवडायचा. आता त्या यादीला 'तारीख' चा `Sort` लावायचा आणि मग फिल्टर: 'विषय' या रकान्यात `Contains`, आणि किंमत म्हणून खुद्द हाच साचा निवडायचा. विचित्र वाटतं, पण या साच्यातून 'राजहंसगड' हे नवं पान उघडलं की नोशन त्या फिल्टरमधल्या साच्याच्या जागी राजहंसगड घालतं. म्हणजे प्रत्येक गावाच्या, किल्ल्याच्या, घराण्याच्या पानावर फक्त त्याचीच टिपणं, तारखेप्रमाणं लावलेली, कुणी न मांडता मांडलेली.

हे बिघडलं की चटकन कळतं. नव्या पानावर सगळ्या गावांची टिपणं दिसत असतील, तर साच्यात फिल्टर लागलेलाच नाही. दुसऱ्याच गावाची टिपणं दिसत असतील, तर ते पान साच्यातून न उघडता जुन्या पानाची नक्कल करून केलेलं आहे आणि फिल्टरमध्ये जुनं नाव अडकलंय. आणि एक मर्यादा आधीच लक्षात ठेवावी: साचा नंतर बदलला, तर आधी उघडलेली पानं बदलत नाहीत. म्हणून पाच-सहा पानांवर साचा वापरून बघावा, हवं ते सुधारावं, आणि मगच ढीगभर नोंदी आत आणाव्यात. साच्याच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून तो `Set as default` केला की नवं पान उघडताना तोच आपोआप येतो.

अनुक्रमणिका

एवढं झालं की अनुक्रमणिकेचं पान करायला पाव तास लागतो. 'अनुक्रमणिका' नावाचं एक कोरं पान घ्यायचं आणि त्यावर तीन गोष्टी ठेवायच्या.

वर हातानं लिहिलेली छोटी यादी. सध्या ज्यांवर काम चालू आहे त्या आठ-दहा पानांच्या `@` लिंका, प्रत्येकीपुढं अर्धी ओळ: काय चाललंय, काय अडलंय. ही यादी यंत्रावर सोपवू नये. कुठली पानं महत्त्वाची, हे फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

त्याखाली 'विषय' ची `Linked view`, `List` रूपात, `Group by` 'तालुका'. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, आणि सीमेपलीकडचं चंदगडही, कारण किल्ले आणि नाती सीमा बघून थांबत नाहीत. तालुक्याच्या नावापुढच्या त्रिकोणावर टिचकी मारली की गट मिटतो, उघडतो. घराण्यांना तालुका नसतो, ती वेगळ्या रिकाम्या गटात दिसतात. ते तसंच राहू द्यावं.

तिसरी यादी 'टिपणं' ची, पण फिल्टर लावून: 'विषय' `Is empty`. म्हणजे अजून कशालाच न जोडलेली टिपणं. कणकुंबी किंवा भीमगडाच्या बाजूला रेंज मिळत नाही तेव्हा फोनच्या साध्या नोंदवहीत लिहून घ्यायचं आणि घरी आल्यावर नोशनमध्ये डकवायचं. डकवताना विषय जोडायचा राहतो, आणि तो इथं दिसतो. ही यादी रिकामी असेल, तर सगळं जागेवर आहे. वाढत चालली, तर नव्या नोंदींच्या आधी ती निपटावी. याच पद्धतीनं 'स्थिती' 'कच्चं' ची यादीही लावता येते. वाचनालयात जायच्या दिवशी तीच उघडून बसावं.

पानाच्या वर तारा दाबून अनुक्रमणिका `Favorites` मध्ये टाकली की ती बाजूच्या पट्टीत कायम वरच राहते.

मर्यादा आणि काळजी

फुकट खात्यात एका माणसाला पानांची मर्यादा नाही, पण एका फाइलला ५ एमबीची आहे. फोननं काढलेला शिलालेखाचा फोटो सहज त्याच्या वर जातो. फोटो लहान करून चढवावा आणि मूळ फोटो वेगळ्या ठिकाणी जपावा, कारण अक्षरं वाचायला मोठाच फोटो लागतो. केलेले बदल मागं घेण्यासाठीचा पानाचा इतिहास फुकट खात्यात सातच दिवसांचा मिळतो.

ऐकलेल्या टिपणांबद्दल एक गोष्ट फार गांभीर्यानं घ्यावी. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं असतं: कुणाची जमीन कशी गेली, कुणाच्या घरात काय झालं, सीमा आंदोलनात कोण कुठं होतं. नोशनमधलं पान `Share` मधून `Publish` केलं, तर त्याच्या पोटातली उपपानंही जगाला उघडी होतात. म्हणून लोकांना दाखवायचं काही असेल, तर त्याचं वेगळं पान करावं, हवं तेवढंच तिथं उतरवावं, आणि 'टिपणं' हा डेटाबेस कधीच त्याच्या आत ठेवू नये. सांगणाऱ्याचं नाव लिहिण्याआधी त्यांना विचारावं. नको म्हणाले, तर गाव आणि वय पुरे.

आणि प्रत बाहेर काढून ठेवावी. `Settings` मध्ये सगळं एकदम काढायची सोय आहे, `Export` मध्ये `Markdown & CSV` निवडायचं. पानं साध्या मजकुराच्या फाइली होऊन येतात आणि डेटाबेस तक्त्याच्या रूपात. त्यात रंग, गट, फिल्टर लावलेल्या याद्या येत नाहीत, पण टिपण कोणत्या विषयाला जोडलं आहे ते तक्त्याच्या रकान्यात येतं, आणि तेच वाचवायचं असतं. काढलेली प्रत एकदा उघडून बघावी: 'टिपणं' च्या तक्त्यात हलशीची तिन्ही टिपणं आहेत का, आणि आजोबांच्या गोष्टीपुढं 'ऐकलं' असं लिहिलेलं आहे का.